कॅसेटमधला हम आधी मोजावा, मग काढावा

हट्टा हे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं गाव. इथल्या एखाद्या घरातून जुनी कॅसेट निघाली आणि तिच्या चिठ्ठीवर निळ्या शाईत ‘हरिपाठ, हट्टा, जि. परभणी’ असं लिहिलेलं असलं, तर ती ऐकण्याआधीच तिच्याविषयी एक गोष्ट कळते. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. म्हणजे कॅसेट बहुधा त्याच्या आधीची. तिच्यातला आवाज आज एखाद्या व्हिडिओत वापरायचा असेल, तर ही तारीख फार उपयोगी पडते. कशी, ते पुढे येईलच.

अशीच एक कॅसेट उदाहरणादाखल डोळ्यासमोर ठेवू. तिच्या ‘ए’ बाजूला संध्याकाळच्या हरिपाठाचं मुद्रण आहे: पेटी, पखवाज, टाळ आणि आठ-दहा गळे. ‘बी’ बाजूला त्याच घरातल्या आजीनं पहाटे दळताना म्हटलेल्या ओव्या आहेत. घरच्या मंडळींना गावच्या देवळावर छोटा व्हिडिओ करायचा आहे आणि त्यात हे दोन्ही आवाज हवे आहेत. कॅसेट लावली की त्या आवाजांच्या मागे दोन गोष्टी ऐकू येतात. एक सतत चालणारा ‘स्स्स’, ज्याला ध्वनिमुद्रणवाले हिस म्हणतात. दुसरा खालच्या पट्टीतला ‘घूंऽऽ’, म्हणजे हम. दोन्ही नकोशा असल्या तरी त्यांचं मूळ अगदी वेगळं आहे, आणि दोन्हींवर एकच उपाय चालवला की मूळ आवाज बिघडतो.

हिस जन्माला येतो तो फितीतूनच. फिलिप्स कंपनीनं १९६३ मध्ये कॅसेट बाजारात आणली, तेव्हा ती बोललेलं टिपून ठेवण्यासाठी होती, संगीतासाठी नव्हे. म्हणून फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद आणि तिचा वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. एवढ्या रुंदीत दोन्ही बाजूंचे पट्टे बसवायचे, म्हणजे एका बाजूच्या वाट्याला सुमारे दीड मिलिमीटर. फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण चिकटवलेले असतात. प्रत्येक कण एक छोटा चुंबक असतो. आवाज त्यांना रांगेत वळवतो, पण कण मोजकेच असल्यानं ही रांग कधीच एकसंध होत नाही. कणाकणानं उरलेला विस्कळीतपणा म्हणजेच हिस. पट्टा अरुंद आणि वेग कमी, म्हणून हेडखालून एका क्षणात जाणारे कण थोडे, म्हणून हिस जास्त. स्टुडिओतली रुंद फीत कितीतरी पट वेगानं धावते, त्यामुळे तिच्यात हिस जवळजवळ ऐकू येत नाही.

हमचा फितीशी काही संबंध नाही. तो विजेचा आवाज आहे. आपल्याकडे घरातली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. रेकॉर्डरच्या ट्रान्सफॉर्मरभोवतीचं किंवा भिंतीतल्या तारेभोवतीचं चुंबकक्षेत्र माइकच्या वायरीत शिरलं की ५० हर्ट्झचा सूर आवाजात मिसळतो. वीज एकदिश करताना लहरीचे दोन्ही अर्धे वापरले जातात, म्हणून रेकॉर्डरमधला जुना कपॅसिटर थकला की १०० हर्ट्झचा सूर जास्त जोरात येतो. त्यांच्याबरोबर १५०, २००, २५० अशी पटीतली सुरांची रांगही येते. आवाजाचा आलेख काढला की ही रांग कंगव्याच्या दातांसारखी समान अंतरावर उभी दिसते. ५० चा दात सर्वांत उंच असेल तर वायर किंवा अर्थिंगचा दोष समजावा. १०० चा उंच असेल तर रेकॉर्डरच्या पुरवठ्याचा.

आता या लेखातली मुख्य गोष्ट. हा हम केवळ कचरा नाही. ज्या क्षणी तो फितीवर उतरला, त्या क्षणी विजेनं जणू फितीवर वेळेच्या खुणा केल्या: सेकंदाला पन्नास. फीत आज कमी-जास्त वेगानं फिरत असेल, तर त्या खुणाही तितक्याच जवळ येतात किंवा दूर जातात. म्हणून हम पुसून टाकण्याआधी त्याच्याकडून फितीचा वेग काढून घ्यावा. एकदा पुसला की ही साक्ष परत मिळत नाही.

पण त्याआधी फीत संगणकात नीट उतरवून घ्यायला हवी, कारण इथे गमावलेलं पुढे कोणत्याही फिल्टरनं परत येत नाही. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या शाबूत असतील तर आधी मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून ‘रेकॉर्ड’ दाबलं गेलं तरी आवाज पुसला जाणार नाही. फितीच्या तोंडाशी हेडसमोर नमद्याचा चिमुकला चौकोन असतो. तो गळून पडला असेल तर फीत हेडला टेकत नाही आणि आवाज कोंदट येतो. अशा वेळी फीत दुसऱ्या चांगल्या खोक्यात बदलून घ्यावी. वर्षानुवर्षं पडून राहिलेली फीत आधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळावी. हेड आणि रबरी रोलर स्वच्छ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरते.

यानंतरची पायरी बहुतेक जण सोडून देतात. हेडच्या एका बाजूला छोटा स्क्रू असतो, तो हेडचा तिरपेपणा ठरवतो. कॅसेट ज्या रेकॉर्डरवर भरली त्याचं हेड किंचित तिरपं असेल आणि आपलं अगदी सरळ, तर ‘स’, ‘च’, टाळ हे बारीक आवाज मरतात, आणि ते परत आणायला पुढे वरची पट्टी उचलली की हिसही तितकाच वर येतो. म्हणून कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू बारीक पेचकसानं अगदी थोडा थोडा फिरवायचा आणि टाळ जिथे सर्वांत झणझणीत वाजेल तिथे थांबायचं. काम झालं की तो मूळ जागी आणायचा. साध्या रेकॉर्डरवर भरलेली कॅसेट मोनो असते. ती स्टिरिओ डेकवर वाजवली की एकाच पट्ट्याचे दोन अर्धे डाव्या-उजव्या वाहिनीत येतात. आवाज दोन्हींत सारखा, पण हिस प्रत्येकीचा वेगळा, कारण कण वेगळे. तिरपेपणा जमला असेल तर दोन्ही वाहिन्या एकत्र केल्यावर आवाजाच्या तुलनेत हिस तीन डेसिबलनं कमी होतो, तेही कोणत्याही फिल्टरशिवाय.

उतरवताना डेकचं लाइन आउट संगणकाच्या किंवा ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनला जोडावं. माइकच्या भोकात जोडू नये, तिथे आवाज फाटतो. व्हिडिओच्या ध्वनीसाठी ४८,००० नमुने प्रति सेकंद हे माप चालतं, म्हणून सुरुवातीपासून तेच ठेवावं, २४ बिटमध्ये. सर्वांत जोराचा आवाज उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील इतकी पातळी पुरे.

मग एक साधी चाचणी. डेक चालू, वायर जोडलेली, पण कॅसेट थांबवलेली. या अवस्थेत दहा सेकंद मुद्रित करायचं. यातही हम असेल तर तो कॅसेटवरचा नाही, आपल्या घरातला आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहिला की बहुतेक वेळा तो तिथेच संपतो, कारण डेक आणि लॅपटॉप दोन वाटांनी अर्थिंगला जोडले जातात आणि त्या कड्यातून वीज खेळत राहते. जो हम वायर काढून जातो तो फिल्टरनं काढण्यात अर्थ नाही.

आजचा हम आणि फितीवरचा हम ओळखण्याची आणखी एक खूण आहे. आवाज ऑडॅसिटीत उघडून त्याचं स्पेक्ट्रोग्राम पाहावं. आजचा हम पट्टीनं आखल्यासारख्या सरळ रेषेत दिसतो. फितीवर उतरलेला हम बारकाईनं पाहिल्यास थरथरतो, कारण रोलर आणि मोटर फिरताना फितीचा वेग थोडा वरखाली होतो आणि त्याबरोबर हमही हलतो. ही थरथर वरच्या दातांमध्ये जास्त ठळक दिसते.

आता हट्ट्याच्या कॅसेटची ‘ए’ बाजू. कॅसेट थांबवली की हम जातो, लावली की येतो, आणि त्याच्या रेषा थरथरतात. म्हणजे तो त्या संध्याकाळी देवळातल्या विजेवरून फितीत शिरला. त्याची वारंवारता मोजायची आहे. ऑडॅसिटीत दोन अभंगांमधली दोन सेकंदांची मोकळी जागा निवडून `Analyze > Plot Spectrum` उघडायचं आणि `Size` ६५५३६ ठेवायचा. या मापात आलेखाची एक पायरी सुमारे पाऊण हर्ट्झची असते. ५० हर्ट्झशी पाऊण हर्ट्झ म्हणजे दीड टक्का, इतक्या ढोबळ मोजणीचा उपयोग नाही. म्हणून पहिला दात न मोजता दहावा मोजायचा. तिथे तीच पाऊण हर्ट्झ ५०० च्या तुलनेत जेमतेम पंधरा शतांश टक्का ठरते. समजा दहावा दात ४९९ वर सापडला. भागिले दहा, म्हणजे हम ४९.९.

एवढ्यावर कुणालाही वाटेल की वेग अगदी बरोबर आहे, ५० आणि ४९.९ मध्ये फरक तो किती! इंग्लंड-जर्मनीतल्या कॅसेटसाठी हे अनुमान बरंचसं चाललंही असतं. आपल्याकडे चालत नाही, आणि इथेच चिठ्ठीवरून कळलेली तारीख उपयोगाला येते.

विजेची वारंवारता म्हणजे वीजकेंद्रातल्या जनित्रांच्या फिरण्याचा वेग. साध्या दोन ध्रुवांच्या जनित्राला ५० हर्ट्झसाठी मिनिटाला ३,००० फेरे घ्यावे लागतात. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की सगळी जनित्रं एकदम मंदावतात. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि गोवा यांचं पश्चिम विभागीय जाळं तेव्हा एकमेकांना जोडलेलं असल्यानं हट्ट्याच्या देवळात आणि मुंबईच्या घरांत एकाच क्षणी एकच वारंवारता असे. १९९० च्या दशकात संध्याकाळी दिवे लागले की ती ४९ च्याही खाली घसरे आणि मध्यरात्री मागणी पडली की ५० च्या वर जाई. पश्चिम विभागात १ जुलै २००२ पासून नवी दररचना लागू झाली. वारंवारता घसरलेली असताना ठरल्याहून जास्त वीज उचलणाऱ्या वीज मंडळाला ती महाग पडू लागली. तेव्हापासून हे चढउतार आटोक्यात आले. आज ४९.९० ते ५०.०५ हा पट्टा नियमानं ठरलेला आहे. परभणी जिल्ह्याच्या नावाची कॅसेट मात्र त्याआधीच्या काळातली. तिच्यातला हम ५० धरून चालता येत नाही.

म्हणून दुसरा साक्षीदार हवा, आणि तो पेटी आहे. पेटीच्या पितळी पत्त्या विजेवर चालत नाहीत. त्यांचा सूर ठरलेला असतो. अभंग सुरू होण्याआधी पेटीवाला षड्ज धरून ठेवतो, तो तुकडा त्याच खिडकीत मोजायचा. समजा तो २८५.५ हर्ट्झ निघाला. आजच्या प्रमाण जुळणीत काळी एक म्हणजे २७७.२ आणि तिच्यापुढची पांढरी दोन म्हणजे २९३.७. आपला सूर बरोबर दोघींच्या मध्ये अडकला आहे. म्हणजे वेग चुकलेला आहे हे नक्की. प्रश्न इतकाच की काळी एक तीन टक्के चढली आहे, की पांढरी दोन सुमारे तीन टक्के उतरली आहे.

दोन्ही शक्यता हमवर तपासून पाहू. काळी एक असेल तर फीत आज तीन टक्के वेगानं वाजते आहे, आणि त्या संध्याकाळचा खरा हम ४९.९ भागिले १.०३, म्हणजे ४८.४५ हर्ट्झ. पांढरी दोन असेल तर खरा हम ५१.३ हर्ट्झ. आता चिठ्ठीकडे पाहा: हरिपाठ. हरिपाठ होतो दिवेलागणीला, जेव्हा घराघरांत दिवे लागतात आणि वीज कमी पडते. त्या वेळी ५१.३ असण्याची शक्यता नगण्य, ४८.४५ सहज पटणारी. भजनी मंडळातल्या जुन्या पेटीवाल्याला विचारावं, तो ‘आमची पट्टी काळी एक’ असं म्हणाला की शंकेला जागा उरत नाही. रेकॉर्डरची मोटर त्या दिवशी तीन टक्के मंद होती. मंद फितीवर भरलेला आवाज नेहमीच्या वेगानं वाजवला की चढतो. वीजही तितकीच मंद होती, म्हणून हम मात्र अगदी बिनचूक दिसला. तीन टक्के म्हणजे अर्धा स्वर नव्हे, पण दोन लगतच्या पट्ट्यांमधलं निम्मं अंतर. गाणाऱ्यांची ओळख असलेल्या माणसाला तेवढ्यानंही आवाज बारीक आणि परका वाटतो.

मला या हिशेबातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती ही की देवळातल्या पेटीनं आपल्याला फितीचा वेग सांगितला आणि त्याच्याच आधारे त्या संध्याकाळी पश्चिम भारताची जनित्रं किती मंदावली होती हेही कळलं. हेच तत्त्व उलट बाजूनं वापरून रोमानियाचे कातालिन ग्रिगोराश यांनी मुद्रणाची वेळ हमवरून शोधण्याची पद्धत मांडली, आणि लंडनच्या पोलिसांनी जाळ्याच्या वारंवारतेची सलग नोंद ठेवायला घेतली. न्यायालयात आलेलं मुद्रण खरं की जोडलेलं, हे ते हमच्या चढउतारावरून तपासतात.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. जुन्या पेट्या सगळ्या प्रमाण सुरात लावलेल्या नसतात. एखादी टक्काभर इकडेतिकडे असू शकते. ती पेटी अजून देवळात असेल तर आज तिचाच सूर फोनवर मोजून घ्यावा, पत्त्या पुन्हा घासलेल्या नसतील तर तो फारसा बदलत नाही. शिवाय एकाच ठिकाणी मोजून थांबू नये. बाजूच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, तीनदा मोजावं. हम आणि पेटी दोघंही एकत्र सरकत असतील तर रेकॉर्डरचा वेग बदलत होता. पेटी जागेवर आणि हम सरकत असेल तर जाळं हेलकावत होतं, आणि त्यावरून वेग दुरुस्त केला तर बरोबर असलेलं गाणं बिघडेल.

वेग दुरुस्त करायला ऑडॅसिटीत `Change Speed and Pitch` मध्ये −2.91 टक्के द्यावं. ज्यांना आज्ञा लिहून काम करायला आवडतं त्यांच्यासाठी हेच काम असं होतं:

```
ffmpeg -i a.wav -af "asetrate=46602,aresample=48000" -c:a pcm_s24le veg.wav
```

४६६०२ म्हणजे ४८,००० भागिले १.०३. घरचा हम काही केल्या गेला नसेल आणि ५० ची सरळ रेषा मुद्रणात राहिलीच असेल, तर ती या पायरीच्या आधीच काढावी, कारण वेग बदलला की तीही जागा सोडते.

आता फितीवरचा हम काढता येईल. दुरुस्तीनंतर त्याचे दात ४८.४५, ९६.९, १४५.३ अशा जागी आले आहेत. नेहमीचे तयार ‘५० हर्ट्झ हम’ फिल्टर इथे लागू पडत नाहीत, ते रिकाम्या जागी खाच पाडतात आणि हम शेजारी तसाच राहतो. म्हणून खाच आपल्या आकड्यांवर पाडायची:

```
ffmpeg -i veg.wav -af "bandreject=f=48.45:width_type=h:w=2,bandreject=f=96.9:width_type=h:w=2,bandreject=f=145.3:width_type=h:w=3" -c:a pcm_s24le hamvina.wav
```

`w` म्हणजे खाचेची हर्ट्झमधली रुंदी. ती वरच्या दातांसाठी वाढवावी लागते, कारण थरथर दाताच्या पटीत वाढते. पहिला दात दीड दशांश हर्ट्झ हलत असेल तर सहावा जवळजवळ एक हर्ट्झ हलतो आणि अरुंद खाचेतून बाहेर निसटतो. उलट खाच जितकी अरुंद तितकी ती घुमते. पखवाजाच्या कणकेच्या बाजूची थाप याच पट्टीत असते. थापेनंतर बारीक ‘ऊंऽ’ रेंगाळलेला ऐकू आला तर रुंदी थोडी वाढवावी किंवा ९६.९ ची खाच सोडून द्यावी. आलेखात जे दात खरोखर वर आलेले दिसतात तेवढेच काढावेत. गाणं सुरू असताना वरचे दात गळ्यांखाली झाकले जातात, आणि तिथे खाचा पाडत गेलं तर आवाज पोकळ होतो.

हिसची पाळी शेवटी. ऑडॅसिटीचं `Noise Reduction` आधी फक्त हिस असलेला तुकडा ऐकतं आणि मग पूर्ण मुद्रणातून तशी पातळी वजा करतं. त्याला कोणता तुकडा द्यायचा, यावर सगळं अवलंबून आहे. साध्या रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट असे. कुणी जोरात गायलं की ते पातळी खाली ओढायचं, सगळे गप्प झाले की दोन-चार सेकंदांत हळूहळू वर चढवायचं. त्यामुळे लांब शांततेत देवळातली कुजबुज, पंखा, माइकची स्वतःची सळसळ सगळं फुगलेलं असतं, आणि गाण्याखाली ते तितकं नसतं. लांब शांततेचा तुकडा नमुना म्हणून दिला तर सॉफ्टवेअर गाण्यातूनही तेवढं जास्त खरवडतं. अभंगाचा शेवटचा स्वर विरल्याबरोबरचा, पातळी वर चढण्याआधीचा अर्धा सेकंद घ्यावा. तोच खरा नमुना.

वजाबाकी सहा डेसिबलपासून सुरू करावी. त्याच खिडकीत `Residue` नावाचा पर्याय आहे, तो निवडला की राहिलेलं नव्हे तर काढून टाकलेलं ऐकू येतं. ही सोय अमूल्य आहे. काढलेल्या कचऱ्यात फक्त एकसारखा ‘स्स्स’ असेल तर ठीक. त्यात टाळाचा झंकार किंवा शब्दांतले ‘स’, ‘श’, ‘च’ कुजबुजताना ऐकू आले की समजावं, आपण गाणं कापतो आहोत. टाळ आणि हिस दोघांची वस्ती वरच्याच पट्टीत असल्यानं हरिपाठाच्या मुद्रणात ही सीमा लवकर येते. जास्त काढलं की उरलेला हिस तुटक होतो आणि टाळ पाण्याखाली वाजल्यासारखे बुडबुडतात. हा दोष हिसपेक्षा फार वाईट. हिसला कान दहा सेकंदांत सरावतो, बुडबुड्यांना कधीच नाही.

‘बी’ बाजू उलटली की सगळे आडाखे बदलतात. ओव्या पहाटे, सेलवर चालणाऱ्या टेपवर भरलेल्या. विजेला जोडलेला नसल्यानं त्या टेपच्या पुरवठ्यातून हम फितीवर येण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही ‘घूंऽऽ’ ऐकू येत असेल आणि स्पेक्ट्रोग्राममध्ये रेषा ठाम सरळ असतील, तर तो आजच्या वायरीचा. चार्जर काढून ही बाजू पुन्हा उतरवावी. पण त्या रेषा गेल्यानंतरही तळाशी एक रुंद, लयीत वरखाली होणारी घरघर उरते. ती जात्याची. एक पाळी दुसरीवर फिरताना, खुंट्याला दिलेल्या प्रत्येक ओढीबरोबर ती वाढते आणि मंदावते, आणि ओवीची लय तिच्यावरच उभी असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज ‘परी’ या संकेतस्थळावर त्यांतल्या अनेक ओव्या ध्वनी आणि व्हिडिओसह ऐकता येतात. त्यांतली जात्यावर म्हटलेली एखादी ओवी ऐकून घ्यावी, म्हणजे काय राखायचं आहे ते कानात बसेल.

व्हिडिओ करणारे सवयीनं खालचं सगळं ८० किंवा १०० हर्ट्झपासून कापून टाकतात. इथे तसं केलं तर जातं निम्मं नाहीसं होतं आणि आजी रिकाम्या खोलीत गात असल्यासारखी वाटते. काटछाट ३० हर्ट्झच्या वर नेऊ नये. हिसचा नमुनाही जातं फिरत असताना घेतला तर सॉफ्टवेअर जात्यालाच कचरा समजेल. मूठभर दाणे टाकायला जातं थांबतं, तो क्षण शोधावा. तसा क्षण नसेल तर नमुना घ्यावा फितीच्या अगदी आरंभी, जिथे भरणं सुरू झालंय पण अजून दळण नाही.

या बाजूचा वेग मात्र तपासता येत नाही. सेल उतरत जातात तशी मोटर मंदावते, आणि आज वाजवताना आवाज हळूहळू चढत गेलेला जाणवतो, पण मोजायला हमही नाही, पेटीही नाही. गाता गाता गळा स्वतःहून चढतो, तेव्हा किती दोष सेलचा आणि किती आजीच्या उत्साहाचा, हे वेगळं करण्याचं साधन फितीवर नाही. अंदाजानं ओढाताण न करता ती बाजू तशीच ठेवणं मला योग्य वाटतं.

व्हिडिओत आवाज बसवताना आधी पातळी ठरवावी, मग हिस पुरेसा कमी झाला का ते ऐकावं. गाणं आठ डेसिबलनं वर उचललं की त्याच्या मागचा हिसही आठनं वर येतो, आणि सहा डेसिबल काढल्याचं समाधान तिथेच संपतं. आजच्या निवेदनाकडून जुन्या मुद्रणाकडे जाताना कॅसेटचा हिस एकदम उगवला तर प्रेक्षक दचकतो. म्हणून गाण्याआधीचा सेकंद-दीड सेकंद हिस निवेदनाखाली हळूच वर आणावा आणि गाणं संपल्यावर तितक्याच सावकाश उतरवावा. दोन अभंगांमधल्या जागा पूर्ण मुक्या करू नयेत, त्यातही तोच पातळ हिस चालू ठेवावा. मूळ उतरवलेली, कोणताही फिल्टर न लावलेली फाइल वेगळी जपावी, आणि तिच्या शेजारी एका साध्या मजकूर-फाइलमध्ये मोजलेले आकडे लिहून ठेवावेत: पेटी २८५.५, हम ४९.९, वेग १.०३, काढलेले दात, हिसची वजाबाकी. त्या देवळातली दुसरी कॅसेट उद्या कुणाच्या माळ्यावर सापडली आणि त्याच रेकॉर्डरवर भरलेली असली, तर मोजणीची सुरुवात १.०३ पासूनच करता येईल.